सवलतीचं पहिलं वर्ष संपताना

ऑगस्टमध्ये सांगलीकराच्या फोनवर मेसेजना तोटा नसतो. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं, आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे, 40 फुटांची इशारा पातळी गाठली का, 45 ची धोका पातळी अजून किती लांब आहे, हे आम्ही गावभागातली माणसं डोळ्यांत तेल घालून वाचतो आणि बाकीचे मेसेज न उघडताच सरकवून टाकतो. डिजिटल पेपरांच्या मोठ्या सवलतीही याच दिवसांत, 15 ऑगस्टच्या तोंडावर निघतात. वर्षाची वर्गणी त्या दिवशी घेतली, की ती संपतेही पुढच्या ऑगस्टमध्ये, पुराच्या मेसेजांच्या गर्दीत. तिच्या नूतनीकरणाची सूचना याच गर्दीत येऊन पडते, आणि ती वाचायला फार थोडा वेळ हाती असतो.

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामांच्या बाबतीत अगदी असंच झालं. मामांनी जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. घरी रोज सकाळी मराठी पेपर येतोच, पण अर्थकारणासाठी त्यांना एक इंग्रजी दैनिकही लागतं. त्याची छापील प्रत त्यांच्या गल्लीत उशिरा पोचते, कधी पोचतच नाही. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्याची डिजिटल वर्गणी घेतली: पहिलं वर्ष 499 रुपये, मूळ दर 2,999. वर्षभर त्यांनी तो पेपर मनापासून वाचला. यंदा 13 ऑगस्टला संध्याकाळी त्यांच्या बँकेचा मेसेज आला, की 15 तारखेला तुमच्या कार्डावरून 2,999 रुपये वळते होतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांचा फोन. "अगं, मला कुणीतरी गंडवतंय बघ. मी असलं काही घेतलंच नाही. तू बँकेत होतीस, बघ की जरा."

मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले तरी असे फोन मला येत राहतात आणि ते घ्यायला मला आवडतं. मेसेज त्यांनी मला पाठवला. तो खोटा नव्हता. पण मामांना तो खोटा वाटला यात त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. रक्कम त्यांनी भरलेल्या रकमेच्या सहापट होती. पैसे घेणाऱ्याचं नाव पेपरचं नव्हतं, पेपर काढणाऱ्या कंपनीचं होतं, तेही अर्धं तुटलेलं. वर्गणी, नूतनीकरण, पेपर यांतला एकही शब्द त्यात नव्हता. त्याऐवजी आकड्यांचा एक लांब संदर्भ क्रमांक होता, आणि खाली एक लिंक.

हा मेसेज असा का असतो ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. तो पेपरनं पाठवलेला नसतो. कार्डावरून ठरावीक काळानं आपोआप पैसे जाण्याची जी सोय आहे, तिला ई-मँडेट म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी 2019 साली नियम काढले आणि मुदतवाढी देत देत 1 ऑक्टोबर 2021 पासून ते सक्तीनं लागू केले. त्यातला एक नियम असा, की पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेनं ग्राहकाला कळवलं पाहिजे. कोण घेणार, किती घेणार, कधी घेणार, संदर्भ क्रमांक काय आणि कशापायी, एवढं त्यात असावं, आणि ग्राहकाला तिथल्या तिथे नकार देण्याची सोय असावी. म्हणजे ही सूचना व्यवहाराची असते. बँकेला एवढंच ठाऊक असतं, की अमक्या कंपनीनं उद्या-परवा अमुक रक्कम मागितली आहे. गेल्या वर्षी सवलत होती, आता ती संपली, दर सहापट झाला, हे बँकेला माहीत नसतं. म्हणून ती सांगूही शकत नाही. ‘कशापायी’ या रकान्यात कंपनीनं जे दोन शब्द भरले असतील, तेच पुढे येतात.

सवलत संपल्याचं सांगणं पेपरच्या हातात असतं. मामांच्या मुलानं, म्हणजे पुण्याच्या माझ्या मामेभावानं, वर्गणी घेताना खातं उघडून दिलं होतं. त्या खात्याच्या ईमेलमध्ये आम्ही शोधलं तेव्हा आठवडाभरापूर्वीचं पेपरचं पत्र जाहिरातींच्या कप्प्यात सापडलं. वर्षभर सोबत राहिल्याबद्दल आभार, वर्षातले गाजलेले लेख, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ: आपली वर्गणी त्या वेळच्या दरानं आपोआप पुढे चालू राहील. रक्कम कुठेच नाही. तारीखही नाही. मला या पत्राचा मनापासून राग आला. जो पेपर रोज सरकारला आणि कंपन्यांना आकडे मागतो, त्यानं आपल्याच वाचकाला एक आकडा सांगू नये, हे मला पटत नाही. पेपर पैसे देऊन वाचावा या मताची मी आहे. बातमीदाराचा पगार कुठूनतरी निघायला हवा आणि तो वाचकाच्या खिशातून निघाला तरच पेपर वाचकाचा राहतो. म्हणूनच हे पत्र मला जास्त लागलं.

तर पेपरच्या पत्रात रक्कम नाही आणि बँकेच्या मेसेजात कारण नाही. दोन्ही जोडून वाचल्यावरच खरी गोष्ट कळते, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी येतात: पत्र वर्गणीच्या खात्याला दिलेल्या ईमेलवर, मेसेज बँकेत नोंदवलेल्या मोबाईलवर. बँकेत जुना नंबर असेल तर हा मेसेज तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही, आणि पैसे मात्र जातील.

या सगळ्याच्या आधी एक तिसरी सूचना होऊन गेलेली असते, वर्षापूर्वी, पैसे भरतानाच. ई-मँडेट नोंदवताना बँकेच्या पडद्यावर ओटीपी टाकायच्या आधी एक चौकट येते. तिच्यात आज कापायची रक्कम 499 असते आणि तिच्याखाली दरवर्षी ‘कमाल’ अमुक रुपये असं लिहिलेलं असतं. मामांच्या नोंदीत तिथे 2,999 होते. हीच खरी नूतनीकरणाची सूचना. काही कंपन्या तर तिथे थेट 15,000 लिहितात, कारण जून 2022 पासून एका वेळच्या 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला पुन्हा ओटीपी लागत नाही. आपला दर कितीही वाढला तरी अडचण नको, असा त्यांचा हिशोब. कमाल रक्कम दराइतकीच असेल तर मात्र ती तुमच्या बाजूनं उभी राहते. पुढच्या वर्षी पेपरनं दर 3,499 केला तर त्या जुन्या मँडेटवर तो घेता येत नाही, नव्यानं परवानगी मागावी लागते. सवलतीच्या दराकडे पाहताना आपली नजर वरच्या आकड्यावर असते आणि आपण मान्यता देतो ती खालच्या आकड्याला. ही चौकट दिसली, की फोनचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा असं मी आता सगळ्यांना सांगते.

छापील पेपरचा व्यवहार याच्या बरोबर उलटा चालतो. महिना संपला की पेपरवाला बिल आणतो, आपण हातानं पैसे देतो, आणि नको असेल तर दारातच सांगतो, "उद्यापासून टाकू नकोस." डिजिटल वर्गणीत तुमची मान्यता वर्षापूर्वीच घेऊन ठेवलेली असते, तुम्ही गप्प बसलात तर ती होकार म्हणून चालते. म्हणून ती मोडायलाही तुम्हालाच उठावं लागतं.

14 ऑगस्टला दुपारी मी विश्रामबागेत गेले. मामांना पेपर हवा होता, पण 2,999 रुपयांना नको होता. त्यामुळे पहिलं काम पेपरकडचं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये वर्गणीची माहिती होती, रद्द करायची सोय मात्र नव्हती. हे बऱ्याच ठिकाणी असतं. लॅपटॉपवरून वेबसाइट उघडली की ती सापडते. खात्याच्या पानावर ‘मॅनेज सबस्क्रिप्शन’, त्यात अगदी तळाला ‘ऑटो-रिन्यूअल’. ते बंद करायला गेलो तर आधी कारण विचारलं. मग एक पान आलं, की थांबा, आणखी एक वर्ष 999 रुपयांत घ्या. त्यानंतर आणखी एक पान: मोठं निळं बटण ‘माझे फायदे चालू ठेवा’ अशा अर्थाचं, आणि त्याच्याखाली करड्या अक्षरांत, बटण आहे हेही कळू नये असं, ‘रद्द करण्यासाठी पुढे जा’. मामा त्या निळ्या बटणावर बोट ठेवणारच होते. त्यांना वाटलं, उरलेला दिवस तरी चालू राहावा म्हणून ते दाबायचं असतं.

असल्या रचनेला आपल्याकडे नियम आहे हे फार जणांना माहीत नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे 13 प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक खास वर्गणीच्या सापळ्याचा आहे: रद्द करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं, रद्द करण्याची सोय लपवणं, त्याच्या सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं. आम्ही पाहिलेली तीन पानं त्यात बसतात का, हे ठरवणं प्राधिकरणाचं काम. पण तक्रार करायची तर पुरावा लागतो, म्हणून मी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेत गेले.

शेवटच्या पानावर जे आलं ते नीट वाचायचं असतं, कारण इथेच लोक अर्ध्यावर सोडून उठतात. ‘तुमची विनंती मिळाली’ एवढंच आलं असेल तर काम झालेलं नाही. खात्याच्या पानावर परत जाऊन पाहायचं. आधी तिथे ‘नूतनीकरण 15 ऑगस्ट’ असं होतं; काम झाल्यावर ‘15 ऑगस्टपर्यंत वैध’ असं झालं. तारीख तीच राहते, तिच्यापुढचं वाक्य बदलतं. शिवाय पक्कं करणारी ईमेल यायला हवी. आमच्याकडे ती आली, आणि तीही मी ठेवून दिली.

मामांचा प्रश्न होता, "आता बँकेचं कशाला? पेपरकडे बंद केलं ना?" खरं तर पेपरनं नूतनीकरण बंद केल्यावर त्यानं मँडेटही मागे घ्यायला हवा, आणि बरेच जण घेतात. पण आपल्या हाती एकच दिवस होता, आणि कापण्याची मागणी बँकेकडे आधीच पोचलेली होती. मेसेज आला तो त्यामुळेच. अशा वेळी दोन्हीकडून दार लावून घ्यावं. बँकेच्या मेसेजात लिंक होती, पण मी ती वापरली नाही. ती खरीच होती, तरी मेसेजातल्या लिंकवरून बँकेत शिरायची सवय मोडलेली बरी. नूतनीकरणाच्या नावानं ‘रद्द करायला या नंबरवर फोन करा’ असे खोटे मेसेज हल्ली सर्रास फिरतात. बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये कार्डांच्या विभागात ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन नावाची यादी असते. तिथे मामांच्या नावावर दोन नोंदी होत्या: एक या पेपरची, दुसरी त्यांच्या मुलानं कधीतरी घेतलेल्या गाण्यांच्या अ‍ॅपची.

पेपरच्या नोंदीवर बोट ठेवलं तर दोन पर्याय आले: फक्त ही वसुली नाकारा, किंवा मँडेटच रद्द करा. दोन्ही दिसायला सारखे, पण त्यांत फार फरक आहे. पहिल्यानं 15 तारखेचे 2,999 थांबतात, परवानगी मात्र शाबूत राहते आणि कंपनी तिच्या जोरावर पुन्हा मागू शकते. दुसऱ्यानं परवानगीच संपते. आम्ही दुसरा घेतला. आणि तिथे मामा अडले. पडद्यावर ओटीपीची चौकट आली होती.

"ओटीपी टाकायचा नाही," मामा ठामपणे म्हणाले. "पैसे जातील. तूच सांगितलं होतंस मला."

मी सांगितलं होतं हे खरं, आणि ते त्यांनी लक्षात ठेवलं याचा मला आनंद झाला. पण मँडेट रद्द करतानाही ओटीपी लागतो, कारण रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे: परवानगी देताना जशी तुमची ओळख पटवली जाते, तशी ती काढून घेतानाही पटवावी, म्हणजे दुसरा कुणी तुमच्या नावानं तुमची विम्याची किंवा विजेची वसुली बंद करणार नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ‘ओटीपी म्हणजे पैसे जाणार’ असं शिकलेली माणसं नेमक्या याच पायरीवर थांबतात, आणि पैसे जातात. याला उपाय एकच, ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचायचा. तो कशासाठी आहे हे त्यात लिहिलेलं असतं. मामांच्या मेसेजात मँडेट रद्द करण्याचा उल्लेख होता आणि रक्कम नव्हती. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, मग स्वतःच्या हातानं आकडे टाकले. मीही मुद्दाम फोनला हात लावला नाही. नोंदीपुढे ‘रद्द’ आलं, बँकेचा तसा मेसेजही आला.

यूपीआयवरून वर्गणी घेतली असेल तर हेच काम ‘ऑटोपे’ नावाच्या विभागात होतं. ज्या अ‍ॅपमधून मान्यता दिली तिथे तो शोधायचा. तिथे मँडेट काही काळ थांबवताही येतो आणि कायमचा रद्दही करता येतो. नको असेल तर थांबवून समाधान मानू नये. रद्द करताना यूपीआय पिन मागतात, आणि तिथेही माणसं अशीच बिचकतात. वर्गणी गूगल प्लेमधून किंवा अ‍ॅपलच्या फोनवरून घेतली असेल तर मात्र पेपरच्या वेबसाइटवर ती रद्दच होत नाही, त्या दुकानाच्याच ‘सबस्क्रिप्शन्स’ यादीत जावं लागतं. अ‍ॅपल मुदत संपायच्या आधीच्या 24 तासांत पैसे घेऊ शकतं, म्हणून तिथे शेवटच्या दिवसाची वाट पाहून चालत नाही. फोनवरून अ‍ॅप काढून टाकणं म्हणजे वर्गणी बंद करणं नव्हे, हे तर मी किती जणांना सांगितलं असेल!

समजा मेसेज पाहायचा राहिला आणि पैसे गेले. तर बँकेशी भांडण्यात वेळ घालवू नये. परवानगी खरी होती, सूचना वेळेवर गेली होती, त्यामुळे बँकेच्या लेखी ही फसवणूक ठरत नाही. त्याच दिवशी पेपरला ईमेल करावी, नवं वर्ष वापरलेलं नाही असं स्पष्ट लिहावं आणि पैसे परत मागावेत. अटींमध्ये बहुतेक ठिकाणी परतावा नाही असंच असतं, तरी लगेच मागितलं तर काही जण देतात. महिन्यानं मागितलं तर तेवढी आशा राहत नाही. सूचनेत रक्कमच नव्हती किंवा रद्द करण्याची सोय लपवली होती, असं दाखवता येत असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आमच्यासारखे स्क्रीनशॉट तिथे कामी येतात.

या सगळ्यातून मामांनी एक अर्थशास्त्रज्ञाचा प्रश्न काढला: मग नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद केलं तर? तर बहुतेक पेपरांत काहीच बिघडत नाही. नूतनीकरण बंद करणं म्हणजे पुढचं वर्ष नाकारणं. भरलेलं वर्ष शेवटच्या दिवसापर्यंत वाचायला मिळतं. फक्त त्याआधी ‘मुदत संपेपर्यंत वाचता येईल’ असं वाक्य अटींमध्ये आहे का, ते पाहून घ्यावं, कारण मोफत चाचणीच्या योजनांत रद्द करताच दार बंद झाल्याचं मी पाहिलं आहे. ते वाक्य असेल तर 24 तासांच्या मेसेजावर वर्षभर डोळा ठेवायची गरज उरत नाही. वर्ष संपलं, की वाचन थांबतं, आणि हवं असेल तर आपण त्या वेळचा दर पाहून नव्यानं घेतो. निर्णय आपल्या हातात येतो आणि पेपरलाही कळतं, की हा माणूस विसरून राहिलेला नाही, ठरवून आलेला आहे.

15 तारखेला एक पैसाही कापला गेला नाही. 16 ला सकाळी पेपर उघडेना. मामांची चुकचूक झाली, पण आठवडा व्हायच्या आत पेपरचं पत्र आलं: परत या, वर्ष 599 रुपयांत. या पत्रात रक्कम ठळक अक्षरांत होती. मामांनी वर्गणी घेतली, कारण पेपर त्यांना खरोखर आवडतो. या वेळी कमाल रकमेची चौकट त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली आणि त्याच संध्याकाळी नूतनीकरण बंद केलं. मग पेपरच्या संपादकांच्या नावानं एक ईमेल लिहून मला आधी तपासायला पाठवली. तिच्यात मागण्या दोनच आहेत: मुदत संपायच्या महिनाभर आधी नवी रक्कम आणि तारीख पत्राच्या पहिल्या ओळीत सांगावी, आणि जितक्या टिचक्यांत वर्गणी घेता येते तितक्याच टिचक्यांत ती बंद करता यावी. मी एका शब्दाचाही बदल सुचवला नाही, खाली फक्त माझं नाव जोडलं.